शनिवारी तर नक्की

मी माझ्या मित्राला "आज नाही" म्हणालो आणि त्याबद्दल मी कोणाचीही माफी मागणार नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत या प्रकरणाच्या निदान तीन आवृत्त्या फिरताहेत. पहिलीत मी माणूसघाणा आहे, दुसरीत मी बुडता बुडता वाचलो, आणि तिसरीत माझ्यावर कसलीतरी शस्त्रक्रिया झाली. तिन्ही खोट्या आहेत. मी बावन्न वर्षांचा, नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात आरेखक आहे, प्रकृती ठणठणीत आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी मला पोहण्याची परीक्षा द्यायची होती. एवढंच.

बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकणं यात हसण्यासारखं काही नाही. हसू नका म्हणतो. गेले दहा महिने मी आठवड्यातून तीन दिवस तलावाच्या उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या तुकडीत पाय झाडत होतो. डोक्यावर पांढरी टोपी. पांढरी टोपी म्हणजे शिकाऊ. तलावाच्या मधोमध रंगीत तरंगत्या गोळ्यांची एक दोरी बांधलेली आहे, तिच्या पलीकडे खोल पाणी, आणि तिथं फक्त निळी टोपीवाले जाऊ शकतात. निळी टोपी मिळवायची तर परीक्षा द्यायची: एक पूर्ण लांबी दोरीला हात न लावता पोहायची, आणि मग खोल पाण्यात, कशालाही न धरता, दोन मिनिटं जागच्या जागी तरंगायचं. परीक्षा तीन महिन्यांतून एकदाच होते.

माझ्या दोन परीक्षा हुकल्या होत्या. दोन्ही वेळा कारण एकच होतं, आणि त्या कारणाचं नाव ऐनवेळ.

ऐनवेळ हे त्याचं कॉलेजातलं टोपणनाव. पेपरच्या अर्धा तास आधी तो वही मागायला यायचा, म्हणून पडलं. तीस वर्षं झाली, नाव बदललं नाही आणि सवयही नाही. गंमत म्हणजे तो घड्याळं दुरुस्त करतो. छोटंसं दुकान आहे, भिंतीवर चाळीस घड्याळं टिकटिकत असतात, आणि त्यांच्याखाली बसून हा माणूस दुपारी तीन वाजता ठरवतो की पाच वाजता कोणालातरी भेटावं. ते 'कोणालातरी' बहुतेक वेळा मी असतो. मागच्या दोन्ही परीक्षांच्या दिवशी त्याचा असाच निरोप आला, मी "बघतो" असं लिहिलं, तो दारात येऊन उभा राहिला आणि मी पोहण्याची पिशवी पलंगाखाली सरकवून त्याच्याबरोबर गप्पा मारायला गेलो. पोहायला शिकतोय हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आई आणि बायको सोडून कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी पाठीचे व्यायाम करतो अशी समजूत आहे.

"बघतो" या शब्दाबद्दल इथं थोडं बोललं पाहिजे. आपल्याकडे "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आपण "बघतो" म्हणतो. "येतोस का?" "बघतो." "पैसे भरलेस का?" "बघतो." म्हणणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो 'हो' असा असतो. दोघंही खूश होऊन घरी जातात आणि भांडण पुढच्या आठवड्यावर पडतं. मी या शब्दावर तीस वर्षं काढली आहेत.

तर त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो होतो. तलावाच्या कार्यालयात साडेपाचला हजर राहायचं होतं. पिशवीत टॉवेल, चष्मा, डॉक्टरांचा दाखला आणि परीक्षेचा अर्ज. हा अर्ज मुलांसाठी छापलेला असल्यामुळे त्यात 'पालकाची सही' असा रकाना होता. मी तो आदल्या आठवड्यात मोकळा ठेवून नेला, तर खिडकीतले लिपिक म्हणाले, "मोकळा रकाना चालत नाही."

"अहो, मीच पालक आहे. माझी मुलगी नोकरी करते."

"तिच्या अर्जावर तुम्ही करा सही. तुमच्या अर्जावर तुमचा पालक."

शेवटी आईने सही केली. वय एकोणऐंशी, अक्षर अजून मोत्यासारखं. खाली 'पाल्याविषयी विशेष सूचना' असा आणखी एक रकाना होता, तो कोणी भरत नाही. तिने चष्मा पुसून तिथं 'हट्टी आहे' असं लिहिलं. मी विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, "मोकळा रकाना चालत नाही ना?"

आता फक्त राहण्याच्या पत्त्याचं पत्र बाकी होतं. ते आमच्या सोसायटीच्या सचिवांकडून शिक्का मारून घ्यायचं होतं. मी जिना उतरणार, तेवढ्यात तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ऐनवेळेचा मेसेज:

"आज भेटू या का? पाच-साडेपाचला? सहज."

तिसरी परीक्षा. यावेळी गेली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि प्रशिक्षकांनी मागच्या वेळीच मला बाजूला घेऊन, काका, तुम्ही सकाळच्या चालण्याच्या गटात का येत नाही, असं विचारलं होतं. म्हणजे यावेळी हुकलं की मी कायमचा उथळ पाण्यात. मी दारातच उभा राहिलो आणि ठरवलं की आज मी लिहिणार: नाही. आणि नीट लिहिणार. तो माझा मित्र आहे, त्याला दुखवायचं नाही, पण आजचा दिवसही द्यायचा नाही.

मी जे लिहिलं ते अजून माझ्या फोनमध्ये जपून ठेवलंय. ते असं:

"तुझा मेसेज बघून बरं वाटलं. आज मात्र जमणार नाही, साडेपाच ते आठ मी एका ठिकाणी अडकलोय. शनिवारी सकाळी नऊला घरी येतोस का? निवांत बसू. नऊ सोयीचं नसेल तर तुझी वेळ सांग. काही तातडीचं असेल तर आत्ता फोन कर, साडेचारपर्यंत मोकळा आहे."

मी स्वतःची स्तुती करणारा माणूस नाही, पण यात काय कमी होतं ते मला दाखवा. त्याने विचारलं याचा आनंद आधी. मग आजचा नकार, एका वाक्यात, स्पष्ट. कारण आहे, पण कारणाची कादंबरी नाही. मग दुसरा दिवस, तोही 'कधीतरी' असा नाही, वारासकट आणि वेळेसकट. त्याच्या सोयीला जागा. आणि खरंच काही अडलं असेल तर त्यासाठी दार उघडं. हे सगळं तीन वाजून सोळा मिनिटांनी तयार होतं. तेव्हाच पाठवलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मी एक सुखी माणूस असतो.

पण ते "जमणार नाही" माझ्याकडे बघू लागलं. फारच उघडंबोडकं वाटलं. मी म्हटलं, खाली जातोच आहोत, कोणाला तरी दाखवू.

सचिव निवृत्त आहेत. इमारतीतल्या सगळ्या नोटिसा तेच लिहितात. पाण्याची टाकी धुवायची असली तरी त्यांची नोटीस 'सर्व सन्माननीय सभासदांना सविनय' अशी सुरू होते आणि पाणी कधी बंद राहणार हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यांनी माझ्या पत्रावर शिक्का मारायला घेतला, शाईचं पॅड कोरडं होतं, त्यावर त्यांनी पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि ते मुरेपर्यंत माझा मेसेज वाचला.

"जमणार नाही?" ते म्हणाले. "साहेब, हे तोंडावर दार लावल्यासारखं झालं. कुठल्याही पत्रात 'नाही' हा शब्द वापरायचा नसतो. मी एकतीस वर्षांत एकदाही वापरला नाही. 'जरा गडबड आहे' लिहा. ज्याला समजायचं तो समजतो."

"आणि ज्याला समजत नाही तो?"

"त्याची काळजी आपण कशाला करायची?"

आमचं बोलणं ऐकून समोरच्या दारातून वहिनी बाहेर आल्या. वहिनी शाळेत भाषा शिकवतात. मुलांच्या निबंधात त्या लाल पेनाने 'भावना कुठे आहे?' असं लिहितात. त्यांनी मेसेज हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मुळात तुम्ही आजारी आहात असं का नाही लिहीत? कोणी वाईट वाटून घेत नाही."

"कारण मी आजारी नाही," मी म्हणालो. "आणि मग शनिवारी तो विचारपूस करायला येणार, मी खोकणार, आणि काय सांगितलं होतं ते मला जन्मभर लक्षात ठेवावं लागणार. मी खोटं लिहिणार नाही."

हे मी बाणेदारपणे म्हणालो. त्या दुपारचा माझा हा शेवटचा बाणेदारपणा.

"बरं, खोटं नको," वहिनी म्हणाल्या. "पण हे 'सकाळी नऊला' म्हणजे दातांच्या डॉक्टरकडची वेळ वाटते हो. मित्राला कोणी आकडे देतं का? 'शनिवारी भेटू' पुरे. आणि त्यात जीव नाही. 'शनिवारी तर नक्कीच भेटू' लिहा. त्या 'तर'मध्ये माया आहे."

त्या 'तर'ची मला तेव्हाच शंका आली होती, हे मी शपथेवर सांगतो. पण भाषेच्या शिक्षिकेशी अव्ययांवरून कोण वाद घालणार?

तेवढ्यात आई वरून कठड्याशी आली. मी एवढा वेळ जिन्यात काय करतोय हे तिला बघायचं होतं. तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवावं लागलं, त्यामुळे दुसऱ्या मजल्यालाही कळलं. ती म्हणाली, "ते तातडीचं वगैरे काढ. असं विचारलं की माणसाला नसलेली तातडी सुचते." सचिवांनी मान डोलावली. मग शिक्का मारला. तो उलटा उमटला. मग पॅडवर आणखी दोन थेंब, आणि शेजारी दुसरा शिक्का.

चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे निरोप आल्यानंतर बरोबर एका तासाने, पुढचा मजकूर माझ्या फोनवरून गेला:

"अरे वा, तुझी आठवण आलीच होती. आज जरा गडबड आहे, पण बघतो. शनिवारी तर नक्कीच भेटू."

वाचा परत. त्यात 'नाही' कुठंच नाही. वेळ नाही. तातडी नाही. प्रत्येकाने एकेक काटा काढला आणि शेवटी मासाच राहिला नाही. आणि त्यात तो "बघतो" कोणी घातला म्हणाल, तर ना सचिवांनी, ना वहिनींनी, ना आईने. तो माझ्या स्वतःच्या अंगठ्याने, सवयीने, आपोआप घातला. त्याबद्दल मी बाकी कोणाला बोल लावत नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं. नुसता अंगठा.

आम्ही चौघांनी त्या अंगठ्याचा अभ्यास केला. "समजलं असं म्हणतोय," सचिव म्हणाले. "रागावलाय," वहिनी म्हणाल्या, "शब्द नाही एकही." आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अंगठा म्हणजे सही. काहीतरी कबूल केलंय त्याने. काय ते तू बघ."

मी काही बघितलं नाही. मी पिशवी उचलली आणि गेलो.

तलावाच्या खिडकीत लिपिकांनी उलटा शिक्का पाहिला, कागद उलटा धरला, मग शिक्का सुलटा दिसला पण पत्र उलटं झालं. त्यांनी थोडा विचार करून दुसऱ्या शिक्क्याकडे बोट दाखवलं, "हा चालेल." मग अर्ज वाचला. 'हट्टी आहे' इथं थांबले, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि आत सोडलं. डॉक्टरांचा दाखला त्यांनी मागितलाच नाही. त्या दाखल्यासाठी मी दोन सकाळी रांगेत उभा होतो.

परीक्षेला आम्ही सहाजण होतो. बाकी पाच जणांची मिळून वयं माझ्याएवढी झाली नसती. कडेला लाकडी बाकांची गॅलरी आहे, तिथं पाच मुलांचे पालक बसले होते आणि माझ्याकडे, हा कोणाचा आजोबा उघडा फिरतोय, अशा नजरेने बघत होते. प्रशिक्षकांच्या गळ्यात एक जुनं थांबघड्याळ होतं, ते सुरू करताना दर वेळी तळहातावर आपटावं लागे.

माझी लांबी झाली. सुंदर झाली असं मी म्हणणार नाही. मधे एकदा मी दोरीच्या इतका जवळ गेलो की दोरीलाच बाजूला व्हावंसं वाटलं असेल. पण हात लावला नाही. पलीकडच्या भिंतीला टेकलो, श्वास घेतला, आणि प्रशिक्षक वरून म्हणाले, "काका, आता भिंत सोडा. दोन मिनिटं. सुरू." तळहातावर घड्याळ आपटल्याचा आवाज आला.

मी भिंत सोडली. खाली दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी. पाय सायकलसारखे फिरवायचे, हातांनी पाणी बाजूला पसरवायचं, हनुवटी वर, आणि घाई करायची नाही. घाई केली की माणूस खाली जातो. मी मोजू लागलो. एकवीस, बावीस.

"अरे, तू इथं काय करतोयस?"

हा आवाज मी तीस वर्षं ओळखतो. गॅलरीच्या कठड्यावर हात टेकून ऐनवेळ उभा होता.

"घरी गेलो तर आई म्हणाली, पोहायला गेलाय," तो मोठ्याने म्हणाला. पाचही पालक वळून बघायला लागले. "तू म्हणालास ना, आज बघतो. आणि शनिवारी तर नक्कीच. म्हणजे आज जमवतोस, आणि शनिवार तर पक्काच, असंच ना? ये की वर दोन मिनिटं."

बघा. 'तर'. वहिनींची माया.

माझ्याकडे आता सचिव नव्हते, वहिनी नव्हत्या, आणि मुख्य म्हणजे हवा नव्हती. एका श्वासात तीन-चार शब्द मावत होते. 'जरा' आणि 'थोडं' आणि 'खरं म्हणजे' यांना आत जागाच नव्हती. नाकातोंडात पाणी जाऊ न देता मी जे बोललो ते असं:

"तू आलास. बरं वाटलं." पाय फिरवले. "आज नाही." श्वास. "परीक्षा आहे. आठपर्यंत." श्वास. "शनिवारी. सकाळी नऊ. घरी." एक छोटी लाट तोंडावर आली, ती गिळली. "चालेल? की तुझी वेळ?" आणि मग, कारण आईने काढून टाकलेलं ते वाक्य मला पुन्हा आठवलं, "तातडीचं आहे?"

मी त्याचा चेहरा बघत होतो, आणि खरं सांगतो, मला पाण्यापेक्षा त्या चेहऱ्याची भीती वाटत होती. तीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा नाही म्हणालो होतो, तेही पोहण्याच्या चड्डीत, लोकांसमोर.

"नाही," तो म्हणाला. "सहजच. शनिवारी नऊ चालेल." मग म्हणाला, "मग आज तुझं चालू दे. मी बघतो."

आणि तो बाकावर बसला आणि खरोखरच बघायला लागला. त्या शब्दाचा अर्थ नुसता बघणं असाही होतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

पण माझी मोजदाद गेली. पाय जड झाले होते. मी प्रशिक्षकांना विचारलं, किती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, "चाळीस सेकंद राहिले, काका." बरं. मी फिरवत राहिलो. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारलं. "चाळीस सेकंद." मांड्यांमध्ये आग पेटली होती. माझ्या मनात आलं, गेलं, तिसऱ्यांदा गेलं, उद्यापासून चालण्याचा गट. मग मनात आलं, नाही जात. अर्जावर लिहून दिलंय, हट्टी आहे. मी हनुवटी वर केली.

"ओ साहेब," गॅलरीतून ऐनवेळ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुकानातला अधिकार होता. "तुमचं घड्याळ बंद पडलंय. काटा हललेला नाही. मी आल्यापासूनच माझ्या घड्याळात दोन मिनिटं बावीस सेकंद झाले."

प्रशिक्षकांनी घड्याळ कानाला लावलं. मग हलवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, मी छताकडे बघत होतो.

"आणि त्यात गप्पाही मारल्या," ते म्हणाले. "भिंत धरा, काका. झालं."

मी भिंत धरली ती सोडवेना. वर यायला मला दोन मुलांनी हात दिला, त्यातून ती बुडता बुडता वाचल्याची आवृत्ती निघाली असावी. लिपिकांनी निळ्या टोपीसाठी पालकाची आणखी एक सही मागितली, ती मी स्वतःच केली आणि त्यांना काय करायचं ते करा म्हटलं. त्यांनी काहीच केलं नाही. निळी टोपी घालून मी गॅलरीकडे वळलो तर बाक रिकामा होता. ऐनवेळ गेला होता. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. एवढं सगळं बघितल्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मीच आज नाही म्हणालो होतो, आणि त्याने ते ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं म्हणणं जसंच्या तसं ऐकलं, आणि मला ते चाललं नाही. माणसाचं काही खरं नसतं.

घरी आल्यावर वहिनी दारातच होत्या. "मग? आला का तुमचा मित्र?" मी त्यांना 'तर' या अव्ययाविषयी माझं मत सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. सचिवांनी नवीन नोटीस लावली, 'सभासदांनी कृपया जिन्यात खासगी पत्रव्यवहार करू नये, असे वाटते.' असे वाटते.

शनिवारी मी पावणेनऊपासून खुर्चीत बसलो होतो. बायकोने दोनदा विचारलं, तुला बाहेर जायचंय का. मी म्हणालो, नाही, नऊला माणूस येतोय. नऊला एक मिनिट कमी असताना बेल वाजली. ऐनवेळ, वेळेवर. आई बघायला बाहेर आली.

चहा झाला. त्याने खिशातून प्रशिक्षकांचं थांबघड्याळ काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी निघताना मागून घेतलं होतं, साफ करून दुरुस्त केलं होतं. "स्प्रिंगमध्ये पाणी गेलं होतं," तो म्हणाला. "परत नेऊन दे." मग ते सुरू करून बंद केलं, पुन्हा सुरू केलं, आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"तू बघतो लिहिलंस ना, की मी वाचनालयासमोरच्या बाकावर थांबायचो. तुझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे, म्हटलं येईल. आलास तर बरं, नाहीतर घरी जाऊन बघायचो. मागच्या वर्षी एकदा एक तास पन्नास मिनिटं थांबलो होतो. नाही म्हणाला असतास तर मी दुकान बंदच केलं नसतं."

"मला वाटायचं, तुला वाईट वाटेल."

"वाईट बाकावर वाटायचं," तो म्हणाला. "त्या दिवशी तू पाण्यातून ओरडलास ना, तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, कळलं."

एक तास पन्नास मिनिटं. घड्याळवाला माणूस, त्याने सेकंदही मोजले असतील आणि मला सांगितले नसतील. मी इतकी वर्षं स्वतःला भिडस्त, मनाने चांगला वगैरे समजत होतो. मला लाज वाटली. ती मी चहाच्या कपात बघून लपवली, आणि मग लपवायचं कशाला म्हणून तसं सांगितलं. तो "असू दे" म्हणाला आणि घड्याळ पुन्हा बंद केलं.

जाताना दारात तो घुटमळला. माझ्या खुंटीवरच्या निळ्या टोपीकडे बघत म्हणाला, "मलाही येत नाही. पोहायला. चल की, आत्ता जाऊन नाव घालू."

"आत्ता नाही," मी म्हणालो. एकदम, विचार न करता, आणि जीभ अजिबात अडली नाही. "आत्ता आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. बुधवारी संध्याकाळी सहाला, तलावाच्या खिडकीशी. पालकाची सही लागते, ती मी करीन. टोपी पांढरी आण."

"बुधवारी," तो म्हणाला. "बघतो."

मी नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिलो. आतून आईही बघत होती.

"येतो," तो म्हणाला.